‘दिसले नाही’ आणि ‘येत नाही’

नोकरीसाठी अर्ज केलेल्या माणसाला नकाराचा मेल आला, तर तो बहुतेक वेळा तीन ओळींचा असतो. अर्जाबद्दल आभार, या वेळी निवड झाली नाही आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. कोणत्या अटीत कमी पडलो, हे त्यात नसते. अनेकांना तर तेवढाही मेल येत नाही. दुसऱ्या प्रकारचा मेल अधूनमधूनच पाहायला मिळतो. जाहिरातीत अमुक अटी होत्या, त्यांतल्या या दोन तुमच्या अर्जात आम्हाला दिसल्या नाहीत, असे तो सभ्य शब्दांत सांगतो. तो इतका दुर्मीळ का, तो लिहायला काय लागते आणि लिहिताना नेमके कुठे घसरायला होते, याचा हा आढावा आहे. मुलाखतीनंतरचा नकार हा वेगळा विषय आहे. इथे फक्त कागद वाचून दिलेल्या नकाराबद्दल बोलू.

कारण सांगण्याची पद्धत आपल्याला अगदी अनोळखी नाही. जिल्हा परिषद, महापालिका किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीची ‘पात्र-अपात्र यादी’ ज्याने पाहिली आहे, त्याला शेवटचा रकाना आठवत असेल. नावापुढे ‘अपात्र’ आणि त्यापुढे शेरा : ‘अनुभव प्रमाणपत्र जोडलेले नाही’, ‘वयोमर्यादा ओलांडली’, ‘आवश्यक अर्हता नाही’. यादीखाली हरकत नोंदवण्याची मुदत असते. भाषा कोरडी असते आणि सगळ्या गावासमोर नाव लागते, हे खरे. पण उमेदवाराला अडले कुठे ते कळते आणि दाद मागायला चार दिवस मिळतात. माहिती अधिकार कायदा, २००५ याच्या कलम ४(१)(घ)नेही सार्वजनिक प्राधिकरणावर जबाबदारी टाकली आहे, की प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ पोहोचलेल्या व्यक्तीला द्यावीत. खासगी कंपनीला हे लागू नाही. भरतीत स्त्रियांशी भेदभाव करू नये, हे १९७६च्या समान वेतन कायद्यात होते आणि पुढे ते २०१९च्या वेतन संहितेत आले. पण नाकारलेल्या प्रत्येकाला कारण कळवावे, अशी सक्ती खासगी मालकावर नाही.

युरोपात या प्रश्नावरचा एक निकाल पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. रशियात शिकलेल्या गलिना माइस्टर या अभियंता महिलेने २००६ साली एका जर्मन कंपनीतल्या अनुभवी सॉफ्टवेअर विकसकाच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीला न बोलावता तिला नकार आला. काही दिवसांत त्याच मजकुराची दुसरी जाहिरात निघाली. तिने पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा नकार आला. दोन्ही वेळा कारण दिलेले नव्हते. लिंग, वय आणि वांशिक मूळ यांमुळे आपल्याला डावलले, असा तिचा दावा होता. प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले आणि १९ एप्रिल २०१२ रोजी निकाल आला. दुसऱ्या कुणाला घेतले का आणि कोणत्या निकषांवर घेतले, ही माहिती मिळण्याचा हक्क तिला नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण मालकाने काहीच माहिती न देणे ही गोष्ट भेदभावाचा संशय ठरवताना विचारात घेता येईल, असेही त्याच निकालात म्हटले. पुढे जर्मन न्यायालयात तिचा दावा टिकला नाही. तरी ‘गप्प राहिलो म्हणजे सुटलो’ हे गृहीतक त्या दिवशी थोडे ढिले झाले.

थोडेच. जर्मनीच्या २००६च्या समान वागणूक कायद्यात नाकारलेल्या उमेदवाराला भरपाई मागायला दोन महिन्यांची मुदत आहे. एखादा अनवधानाने लिहिलेला शब्द आपल्याविरुद्ध वापरला जाईल, या धास्तीने तिथली नकारपत्रे मुद्दाम गुळगुळीत ठेवली जातात. अमेरिकेतही वकिलांचा सल्ला ‘कमी लिहा’ असाच असतो. तिथे १९७३च्या मॅकडॉनल डग्लस खटल्यापासून भेदभावाच्या दाव्याची एक वाट ठरून गेली आहे. प्राथमिक संशय उभा राहिला, की मालकाने नकाराचे वैध कारण सांगायचे आणि मग ते कारण म्हणजे निव्वळ बहाणा होता, हे दाखवायची संधी उमेदवाराला मिळते. मेलमध्ये एक कारण आणि न्यायालयात दुसरे, असे झाले तर बहाण्याचा पुरावा मालकानेच हाती दिल्यासारखे होते. या सल्ल्यातून बरेच जण ‘कारण देऊ नका’ असा अर्थ काढतात. मला त्यातून वेगळे काही दिसते. जे कारण निवड करताना कागदावर लिहिलेले होते, तेच मेलमध्ये असावे. तसे कागदावर काही लिहिलेलेच नसेल, तर मेलमध्येही कारण लिहू नये.

म्हणजे हा मेल लिहिण्याची सुरुवात नकाराच्या दिवशी होत नाही. ती जाहिरातीच्या दिवशी होते. ब्रिटनमधल्या सरकारी आणि आरोग्यसेवेतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना पदासाठी हव्या असलेल्या व्यक्तीचे एक टिपण जोडलेले असते. त्यात प्रत्येक अट ‘आवश्यक’ की ‘इष्ट’ हे लिहिलेले असते आणि अर्ज त्याच टिपणाशी ताडून पाहिले जातात. आपल्याकडच्या खासगी जाहिरातींत मात्र अटींची खिचडी असते. पदवी, पाच वर्षे अनुभव, एक्सेल, ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘दबावाखाली काम करण्याची तयारी’, ‘स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य’. यांतले संवादकौशल्य आणि दबावाखालची तयारी बायोडेटातून कधीच सिद्ध होणार नाही. ‘मी दबावाखाली उत्तम काम करतो’ असे लिहिणारा आणि न लिहिणारा यांच्यात कागदावरून काही फरक करता येत नाही. त्यामुळे अशी अट नकाराचे कारण म्हणून कधीही लिहू नये. ‘आपल्या बायोडेटातून संवादकौशल्य दिसून आले नाही’ हे वाक्य कितीही मऊ आवाजात म्हटले, तरी समोरच्याला ते ‘तुम्हाला बोलता येत नाही’ असेच ऐकू येते.

आता एक उदाहरण नीट उलगडून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण पुणे-नाशिक पट्ट्यातल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात शोभेल असे आहे. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला लेखा सहायक हवा आहे. आवश्यक अटी पाच : वाणिज्य शाखेची पदवी, उत्पादन करणाऱ्या युनिटच्या हिशेबांचा तीन वर्षांचा अनुभव, टॅली प्राइमवर काम, जीएसटीआर-१ आणि ३बी ही विवरणपत्रे स्वतः भरल्याचा अनुभव आणि खरेदी नोंदवहीचा जीएसटीआर-२बीशी मेळ घालण्याचा अनुभव. टीडीएसचे काम इष्ट.

पाचवी अट उगाच घातलेली नाही. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, पुरवठादाराने दाखवलेल्या आणि २बीमध्ये उतरलेल्या बिलांपुरतीच घेता येते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी २बी महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि ३बी भरायची मुदत साधारणपणे २० तारखेपर्यंत असते. त्या सहा दिवसांत कुठल्या पुरवठादाराचे बिल उतरले नाही, कुणी जीएसटी क्रमांक चुकवला, कुणी बिल भलत्याच महिन्यात टाकले, हे शोधून फोन लावायचे असतात. विवरणपत्र ‘भरणे’ आणि हा मेळ घालणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम बरेच जण करतात.

एका उमेदवाराचा बायोडेटा समोर आहे. बी.कॉम., २०२१ पासून एका करसल्लागाराच्या कार्यालयात. त्यात लिहिले आहे : ‘जीएसटीचे सर्व काम’, ‘टॅली प्राइममध्ये १४ अशिलांची खाती’, ‘दरमहा जीएसटीआर-१ व ३बी स्वतः दाखल’, ‘टीडीएस’. वाचणाऱ्याने प्रत्येक अटीपुढे चारपैकी एक आकडा लिहायचा. उल्लेखच नाही तर शून्य. नुसता शब्द आहे तर एक. कुठे, कुणासाठी, किती, हे सांगितले आहे तर दोन. त्यातून काय घडले तेही आहे तर तीन. आवश्यक अटीला दोन हवेत. टॅलीला दोन मिळतात, कारण १४ अशील हा तपशील आहे. विवरणपत्रांनाही दोन. २बीचा मेळ कुठेच लिहिलेला नाही. ‘जीएसटीचे सर्व काम’ या शब्दांत तो येतो की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. एखादा उदार वाचक एक देईल, काटेकोर वाचक शून्य. म्हणूनच दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचावे आणि आकडे जुळले नाहीत, तर तेवढ्याच अटीवर बोलावे.

दुसरी अट अधिक अवघड आहे. करसल्लागाराकडची वर्षे ‘उत्पादन युनिटचा अनुभव’ म्हणून धरायची का? चौदा अशिलांत आठ कारखाने असतील तर? याचे उत्तर अर्ज उघडण्याआधी ठरलेले हवे. समजा ठरले असे, की कार्यालय कुठलेही असो, कच्चा माल, तयार माल आणि साठा यांच्या नोंदी हाताळल्याचा उल्लेख हवा. या उमेदवाराच्या अर्जात तो नाही. आकडा एक.

मग या उमेदवाराला जाणारा मेल असा असेल. प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीत जाईल, कारण आपल्या कंपन्यांना नकार मराठीत देताना उगीच अवघडल्यासारखे होते. पण मराठीतही तो छान लिहिता येतो :

नमस्कार,

लेखा सहायक पदासाठी आपण ४ जून रोजी पाठवलेला अर्ज आम्ही वाचला. या पदाच्या मुलाखतीसाठी आपली निवड झालेली नाही.

जाहिरातीत पाच आवश्यक अटी होत्या. पदवी, टॅली प्राइम आणि मासिक विवरणपत्रे या तीन अटी आपल्या अर्जातून स्पष्ट दिसल्या. पुढील दोन अटींबद्दल पुरेसा तपशील अर्जात आढळला नाही.

एक, उत्पादन युनिटच्या हिशेबांचा तीन वर्षांचा अनुभव. आपण १४ अशिलांची खाती सांभाळल्याचे लिहिले आहे. त्यांत कारखाने किती होते आणि मालसाठ्याच्या नोंदी आपल्याकडे होत्या का, हे त्यावरून कळले नाही.

दोन, खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी यांचा मेळ. ‘जीएसटीचे सर्व काम’ असा उल्लेख आहे, पण या कामाचा वेगळा उल्लेख नाही.

हे सर्व आपण पाठवलेल्या दोन पानांपुरते आहे. आपल्याला ही कामे येतात की नाही, याविषयी आम्ही काही म्हणत नाही. अर्जात असलेली एखादी गोष्ट आमच्या नजरेतून सुटली असे वाटल्यास १५ जूनपर्यंत याच मेलला उत्तर द्यावे. मुलाखती १८ जूनपासून आहेत. अर्जात नसलेला नवा तपशील मात्र आता जोडता येणार नाही.

आपला,
…

यातली काही वाक्ये कोरडी वाटतील. नकार दुसऱ्याच वाक्यात आला आहे, कारण मेल उघडणारा माणूस पहिल्यांदा तेच शोधत असतो. तीन परिच्छेद कौतुक करून मग ‘तथापि’ लिहिले, तर ते कौतुकही त्याला फसवणूक वाटते. जमलेल्या अटींचा उल्लेख आहे तो गोड बोलण्यासाठी नाही. अर्ज खरोखर वाचला गेला, याची ती खूण आहे. ‘१४ अशील’ हा आकडा त्याच्याच अर्जातला असल्यामुळे मेल साच्यातून आलेला नाही, हे त्याला लगेच कळते. शेवटची हरकतीची सोय सरकारी अपात्र यादीतून उचललेली आहे आणि तिची मर्यादाही तिथलीच आहे. एकाला नवा तपशील जोडू दिला, तर तोच मेल मिळालेल्या बाकी सगळ्यांना ती संधी द्यावी लागेल. नाहीतर नशीब आणि चिकाटी यांवर निवड होईल.

या मेलचा कणा म्हणजे ‘दिसले नाही’ आणि ‘येत नाही’ यांतला फरक. वाचणाऱ्याला फक्त कागद माहीत असतो. ‘आपल्याकडे २बीचा अनुभव नाही’ असे लिहिले आणि उमेदवार गेली दोन वर्षे तेच करत असला, तर तो चिडेल आणि त्याचे बरोबर असेल. ‘आपल्या अर्जात आढळले नाही’ हे खरे-खोटे करून पाहता येते. दोन पाने पुन्हा वाचली की झाले. त्याच्या क्षमतेवरचा निकाल मात्र त्याला नुसता गिळावा लागतो.

संशोधनातही हा धागा सापडतो. स्टीफन गिलिलँड यांनी १९९३ साली निवडप्रक्रियेच्या न्याय्यतेचे नियम मांडले. त्यांत निकषांचा कामाशी संबंध, प्रामाणिकपणा आणि वेळेवर दिलेला अभिप्राय हे सगळे होते. २००९ साली ट्रक्सिलो आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले. स्पष्टीकरण दिल्याने उमेदवारांना प्रक्रिया अधिक न्याय्य वाटते, असे त्यातून दिसले. पण ही गोष्ट एकाच बाजूची नाही. नकाराबरोबर तुमची कामगिरी इतरांच्या तुलनेत किती खाली होती, हे आकड्यांत सांगितले की माणसाचा स्वतःबद्दलचा विश्वास खचतो, याकडे नेदरलँड्समधल्या शिंकेल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली लक्ष वेधले. माझ्या मते या दोन्हींत विरोध नाही. कागदात काय राहिले, हे सांगितलेले माणूस पचवू शकतो. ‘१४०मध्ये तुमचा क्रमांक ९७वा’ हे ऐकून त्याला करण्यासारखे काही उरत नाही. आकड्यांचा तक्ता कार्यालयात ठेवावा आणि मेलमध्ये फक्त शब्द जावेत.

घसरायला होते ते बहुतेक वेळा कारणाच्या निवडीत. खरे कारण असते अपेक्षित पगार, तीन महिन्यांचा नोटीस पीरियड किंवा सरळ सरळ दुसरा उमेदवार अधिक चांगला असणे. आणि मेलमध्ये मात्र एखादी अट शोधून चिकटवली जाते, कारण ती अधिक ‘तांत्रिक’ दिसते. हे पकडायला एक साधी तपासणी पुरते. मेलमध्ये लिहिलेली उणीव मुलाखतीला बोलावलेल्यांपैकी कुणाच्या अर्जात आहे का, ते पाहावे. बोलावलेल्या नऊ जणांपैकी दोघांच्याही अर्जात २बीचा उल्लेख नसेल, तर २बी हे नकाराचे कारण नव्हते. मग एकतर त्या दोघांना बोलावणे चूक होते किंवा हा मेल खोटा आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी खटल्यांत उमेदवाराचा वकील नेमकी हीच तुलना करतो. ती आधी आपणच केलेली बरी.

सगळ्या अटी पूर्ण करूनही मागे पडलेल्यांना वेगळा मेल हवा. ‘आपल्या अर्जात सर्व आवश्यक अटी दिसल्या. मुलाखतीच्या नऊ जागांसाठी इष्ट अटीही पूर्ण करणारे उमेदवार पुरेसे होते.’ एवढे पुरे. इथे ओढूनताणून उणीव शोधली, तर तो माणूस पुढच्या अर्जात नसलेला आजार बरा करत बसेल. प्रतीक्षा यादीतल्यांचा मेल तर निवडलेला माणूस प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत पाठवता येत नाही. ऑफर घेऊन ऐन वेळी न येणारे कमी नाहीत. अशा उमेदवारांना ‘निर्णय अजून बाकी आहे’ हे तरी कळवावे. ते फारसे कुणी करत नाही.

वेळेचा आक्षेप रास्त आहे. १४० अर्जांतून नऊ निवडले, तर १३१ मेल. प्रत्येकी बारा मिनिटे धरली तर २६ तास होतात. कुठलाही व्यवस्थापक ते देणार नाही. पण अर्ज वाचतानाच प्रत्येक शून्य आणि एकपुढे चार शब्द लिहिले – ‘मालसाठा उल्लेख नाही’, ‘२बी वेगळे नाही’ – तर मेल म्हणजे त्या शब्दांची वाक्ये करणे एवढेच उरते. तीन मिनिटे, एकूण साडेसहा तास. पदवीच नाही किंवा अनुभवच नाही अशांना एकाच अटीचा दोन ओळींचा मेल पुरतो. सविस्तर मेल काठावर राहिलेल्यांसाठी ठेवावा. त्याचा उपयोग त्यांनाच सर्वांत जास्त होतो.

उत्तरे येतात तीन प्रकारची. काही जण आभार मानतात. काही जण वाद घालतात. त्यांना दुसरे स्पष्टीकरण द्यायला जाऊ नये, कारण दुसऱ्या मेलमध्ये पहिल्यात नसलेले कारण हमखास शिरते. तिसऱ्या प्रकारचे उमेदवार पान क्रमांक देऊन दाखवतात, की तुम्ही म्हणता ते दुसऱ्या पानावर शेवटून तिसऱ्या ओळीत आहे. तेव्हा माफी मागून त्यांना मुलाखतीला बोलवायचे. हरकतीची मुदत मुलाखतींच्या आधी ठेवायची ती यासाठीच.

सगळे मेल गेल्यावर शेरे एकदा एकत्र मोजावेत. १३१पैकी ७०–८० जणांच्या नावापुढे ‘२बी वेगळे नाही’ असेच लिहिलेले निघाले, तर इतक्या लेखा सहायकांना हे काम येत नसेल, असे मानणे कठीण आहे. बायोडेटात ते वेगळे लिहायचे असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि आपल्या जाहिरातीनेही सांगितले नव्हते. पुढच्या वेळी त्या अटीखाली एक ओळ घालायची : ‘हा मेळ कोणत्या प्रकारच्या आस्थापनेत आणि महिन्याला साधारण किती खरेदी बिलांसाठी घातला, ते अर्जात लिहावे.’